फिनेरेनोन आणि पोटॅशियम: मधुमेहानं किडनी दुखावलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

मधुमेहात किडनी जपण्यासाठी फिनेरेनोन लिहून दिलं की चिठ्ठी घेऊन निघालेला रुग्ण बऱ्याचदा दारातून परत वळतो. "डॉक्टर, या गोळीनं पोटॅशियम वाढतं म्हणे. मग घ्यायची कशाला?" किडनीच्या ओपीडीत बसताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावं असं वाटलं. पोटॅशियम वाढतं हे खरंच आहे. पण वाढलेल्या पोटॅशियमला घाबरून गोळी कायमची बंद केली, तर जे नुकसान होतं ते दिसायला काही वर्षं जातात, आणि तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा पोटॅशियमच्या रिपोर्टला दिली आहे.

## ही गोळी शरीरात नेमकं काय अडवते?

आपल्या मूत्रपिंडांच्या वर अॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्यातून अल्डोस्टेरॉन हा हार्मोन निघतो. पेशींच्या आत मिनरॅलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर असतो. अल्डोस्टेरॉन त्याला जाऊन चिकटला की तो जागा होतो. किडनीच्या नळ्यांच्या शेवटच्या भागात त्याचं काम मीठ धरून ठेवणं आणि पोटॅशियम लघवीत सोडणं हे आहे. निरोगी माणसाला हे हवंच असतं.

अडचण अशी की हा रिसेप्टर फक्त नळ्यांमध्ये नसतो. किडनीच्या गाळणीतल्या पेशींत, रक्तवाहिन्यांत, हृदयात आणि सूज निर्माण करणाऱ्या पांढऱ्या पेशींतही तो असतो. मधुमेहात तो गरजेपेक्षा जास्त काळ चालू राहतो. मग गाळणीला सूज येते, हळूहळू त्या जागी व्रणासारखा घट्ट तंतुमय भाग तयार होतो, आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन गळू लागतं. साखर आणि रक्तदाब ताब्यात असूनही काही जणांची किडनी का खालावत राहते, याचं एक कारण इथे आहे. फिनेरेनोन या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि तो जागा होऊ देत नाही.

## स्पायरोनोलॅक्टोन तर हेच करतं ना? मग नवं औषध कशासाठी?

रिसेप्टर तोच, पण औषधाचा रेणू वेगळा. स्पायरोनोलॅक्टोनची घडण स्टेरॉइडची आहे, त्यामुळे ते लैंगिक हार्मोनच्या रिसेप्टरांनाही जाऊन चिकटतं. पुरुषांमध्ये छाती दुखून वाढणं, स्त्रियांमध्ये पाळीची गडबड हे त्यातूनच होतं. शिवाय शरीरात त्याचे जे तुकडे होतात तेही काम करत राहतात आणि बराच वेळ टिकतात. गोळी थांबवली तरी परिणाम लगेच थांबत नाही.

फिनेरेनोनची घडण स्टेरॉइडची नाही, म्हणून त्याला नॉन-स्टेरॉइडल म्हणतात. छाती वाढण्याचा त्रास त्यानं सहसा होत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं आणि त्याचे तुकडे काम करणारे नसतात. म्हणजे पोटॅशियम वाढल्यावर गोळी थांबवली तर तिचा परिणाम लवकर ओसरतो. माझ्या दृष्टीनं रोजच्या व्यवहारात हा फरक फार मोलाचा आहे.

रक्तदाब मात्र फिनेरेनोननं फारसा उतरत नाही, थोडासाच उतरतो. ही रक्तदाबाची गोळी समजून कुणी तिच्यावर विसंबू नये. या गटातली दुसरी गोळी म्हणजे एसॅक्सेरेनोन. ती जपानमध्ये रक्तदाबासाठी वापरली जाते. मधुमेही किडनीसाठी मोठ्या अभ्यासांचा भक्कम आधार सध्या फिनेरेनोनलाच आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

## ही गोळी कुणाला देतात?

टाइप २ मधुमेह असावा, आणि लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून जास्त असावं. तेही नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येणाऱ्या रक्तदाबाच्या गटातलं औषध सोसवेल तेवढ्या पूर्ण मात्रेत चालू असताना. ईजीएफआर, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा आकडा, किमान २५ असावा. आणि सुरू करतानाचं पोटॅशियम शक्यतो ४.८ किंवा त्याखाली. ४.८ ते ५.० च्या मध्ये असेल तर सुरू करता येतं, पण मग पहिल्या चार आठवड्यांत जादा तपासणी करावी लागते.

सुरुवातीचा डोस ईजीएफआरवर ठरतो. ६० किंवा जास्त असेल तर दिवसातून एकदा २० मिलिग्रॅम. २५ ते ६० च्या दरम्यान असेल तर १० मिलिग्रॅम.

अॅड्रिनल ग्रंथी निकामी असलेल्या, म्हणजे अॅडिसन रोगाच्या रुग्णाला ही देत नाहीत. हृदयाची पंपिंगची ताकद कमी होऊन धाप लागते अशा रुग्णांना मोठ्या अभ्यासांतून वगळलं होतं. त्यांच्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन हीच सिद्ध झालेली औषधं आहेत. त्यामुळे हृदयासाठी आधीच स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर त्याच्यावर फिनेरेनोन चढवू नये. दोन्ही एकाच रिसेप्टरवर बसतात. फायदा दुप्पट होत नाही, पोटॅशियम मात्र धोक्यात जातं.

## फायदा खरंच किती होतो?

फिडेलिओ नावाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ५,६७४ रुग्ण होते, मधला पाठपुरावा २.६ वर्षांचा. किडनी निकामी होणं, ईजीएफआर ४० टक्के किंवा जास्त घसरून तसाच राहणं किंवा किडनीमुळे मृत्यू, यापैकी काहीतरी औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या गटात २१.१ टक्के लोकांना झालं. फिनेरेनोनच्या गटात १७.८ टक्के. हजार माणसांत साधारण तेहतीस जणांचं हे नुकसान अडीच-पावणेतीन वर्षांत टळलं, असं समजा. २०२१ च्या फिगारो अभ्यासात हृदयाकडे पाहिलं गेलं. तिथेही फायदा दिसला, आणि तो मुख्यतः हृदय कमजोर होऊन दवाखान्यात भरती होण्याच्या बाबतीत.

हे आकडे वाचून कुणी म्हणेल, एवढंच? मी म्हणेन की हा फायदा आधीच चालू असलेल्या 'प्रिल'-'सार्टन'च्या वर मिळालेला आहे. पण रुग्णाला त्याचा अनुभव येत नाही, हे खरं. गोळी घेतल्यावर बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. पहिली खूण लघवीच्या रिपोर्टात दिसते: चार महिन्यांत अल्ब्युमिन साधारण एक-तृतीयांशानं खाली येतं.

## पोटॅशियम का वाढतं, आणि किती जणांचं?

वर सांगितलं तसं, नळ्यांच्या शेवटी हा रिसेप्टर पोटॅशियम बाहेर टाकायला मदत करतो. तो झाकला की पोटॅशियम आत राहतं. शरीरातलं जादा पोटॅशियम बहुतेक सगळं किडनीवाटेच जातं, आणि इथे किडनी आधीच थकलेली. त्यात 'सार्टन' चालू; तेही पोटॅशियम अडवणारंच.

फिडेलिओत पोटॅशियम वाढल्याची नोंद फिनेरेनोनच्या गटात १८.३ टक्के लोकांत झाली, दुसऱ्या गटात ९ टक्के. पण त्यासाठी औषध कायमचं बंद करावं लागलं ते फक्त २.३ टक्के लोकांत, दुसऱ्या गटात ०.९ टक्के. आणि वाढलेल्या पोटॅशियममुळे कुणी दगावलं नाही.

हा दिलासा अर्धाच घ्या. त्या रुग्णांचं सुरुवातीचं पोटॅशियम ४.८ च्या वर नव्हतं, त्यांची रक्ततपासणी ठरल्या दिवशी होत होती, आणि आकडा वर गेला तर गोळी लगेच थांबवली जात होती. तपासणी न करता गोळी वर्षभर चालू ठेवणाऱ्याला हा आकडा लागू होत नाही.

## रक्त कधी तपासायचं आणि कुठल्या आकड्याला काय करायचं?

सुरू करण्याआधी एकदा. सुरू केल्यावर चार आठवड्यांनी. डोस बदलला किंवा थांबवून परत सुरू केला, तर पुन्हा चार आठवड्यांनी. सगळं स्थिर झालं की साधारण दर चार महिन्यांनी. प्रत्येक वेळी पोटॅशियमसोबत क्रिएटिनिनही.

रिपोर्टवर मिलिमोल लिहिलेलं असो की मिलिइक्विव्हलंट, पोटॅशियमच्या बाबतीत आकडा सारखाच येतो. तो ४.८ किंवा खाली असेल तर १० वाला रुग्ण २० वर जाऊ शकतो, अट एवढीच की ईजीएफआर आधीच्या मापापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त घसरलेला नसावा. ४.८ च्या वर आणि ५.५ पर्यंत असेल तर आहे तोच डोस चालू ठेवायचा. ५.५ च्या वर गेलं तर गोळी थांबवायची, आणि ५.० किंवा खाली आलं की १० मिलिग्रॅमनं पुन्हा सुरू करायची.

यात मधला पट्टा लोक विसरतात. ५.२ आलं की रिपोर्टवर तो आकडा ठळक किंवा लाल छापलेला असतो, घरात धावपळ होते आणि गोळी बंद होते. ५.२ ला गोळी बंद करायची नसते. कारण शोधायचं असतं, आणि तपासणी थोडी लवकर परत करायची असते.

आकडा ६ किंवा त्याहून वर असेल, किंवा कितीही असून हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटत असेल, छातीत धडधड होत असेल, चक्कर येत असेल, तर हा घरी बसून वाट पाहण्याचा विषय नाही. त्याच दिवशी ईसीजी निघायला हवा. आणि हेही ध्यानात ठेवा की पुष्कळांना पोटॅशियम वाढल्याचं काहीच जाणवत नाही. 'मला काही होत नाहीये' हा रक्ततपासणी टाळण्याचा आधार होऊ शकत नाही.

## एखाद्या रुग्णाचं उदाहरण घेऊन सांगाल का?

सांगतो. अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आहेत असं धरा. मधुमेह चौदा वर्षांचा. टेल्मिसार्टन ८० मिलिग्रॅम आणि एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम चालू. ईजीएफआर ४४, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ६४०, पोटॅशियम ४.६. ईजीएफआर ६० च्या खाली म्हणून १० मिलिग्रॅमनं सुरुवात.

चार आठवड्यांनी पोटॅशियम ५.१, ईजीएफआर ४१. डोस तोच ठेवला, आणि चौकशी केली. कळलं की रक्तदाबासाठी चांगलं म्हणून घरात कमी सोडियमचं मीठ आणलं होतं. अशा मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. बाईंना त्यात काही चूक वाटण्याचं कारणच नव्हतं. ते मीठ बंद केलं, साधं मीठ कमी प्रमाणात सुरू केलं. पुढच्या चार आठवड्यांनी पोटॅशियम ४.७, ईजीएफआर ४२. आता डोस २० केला. त्यानंतर चार आठवड्यांनी ५.०. म्हणजे तसाच चालू. चौथ्या महिन्यात अल्ब्युमिनचं गुणोत्तर ६४० वरून ४३० वर आलं.

सहाव्या महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल एकत्र असलेली गोळी सात दिवसांसाठी दिली. चालू औषधांची यादी त्यांना दाखवली गेली नव्हती. पाचव्या दिवशी थकवा वाटला म्हणून रक्त तपासलं तर पोटॅशियम ५.८. ट्रायमेथोप्रिम हे किडनीच्या नळीत, फिनेरेनोन जिथे काम करतं त्याच टप्प्यावर, पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट अडवतं. म्हणजे एकाच दाराला दोन कुलपं लागली.

त्या दिवशी तीन गोष्टी झाल्या. ईसीजी काढला, तो नीट होता. फिनेरेनोन थांबवलं. आणि अँटिबायोटिक बदलून दिलं. टेल्मिसार्टनला हात लावला नाही, कारण अडचण कशानं आली ते समोर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त: ५.२. अजून थांबलो. आठवड्यानं ४.९, तेव्हा १० मिलिग्रॅम पुन्हा सुरू, आणि चार आठवड्यांनी पुढची तपासणी ठरली.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते ती शेवटची. ५.८ पाहून 'ही गोळी तुम्हाला सोसत नाही' असा शिक्का मारणं सोपं होतं. पण सोसली नव्हती ती जोडी. फिनेरेनोन एकटं त्यांना महिनोन्‌महिने सोसलं होतं. थांबवलेली गोळी कोण, कधी आणि कुठल्या आकड्याला परत सुरू करणार, हे थांबवतानाच चिठ्ठीवर लिहिलं नाही, तर ती बहुतेक वेळा परत सुरू होतच नाही.

## पोटॅशियमचा रिपोर्ट चुकीचा असू शकतो का?

हो, आणि हे नवल वाटेल इतक्या वेळा होतं. लाल पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेरच्या द्रवात अगदी कमी. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो.

रक्त काढतानाचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. शीर सापडत नाही. दंडाला बांधलेला पट्टा दोन-तीन मिनिटं तसाच आहे. 'मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा' असं चाललं आहे. मग सुई बारीक, आणि सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढलेला. या प्रत्येक गोष्टीनं पोटॅशियम वाढलेलं दिसू शकतं: मूठ वळल्यानं स्नायूंतून ते बाहेर येतं, आणि जोरात ओढल्यानं पेशी फुटतात. नमुना तासन्‌तास तसाच पडून राहिला किंवा सीरम वेगळं करण्याआधी फ्रिजमध्ये ठेवला, तरी तेच होतं.

म्हणून तब्येत ठीक असताना, ईजीएफआर पूर्वीसारखाच असताना, अचानक ५.९ आलं तर रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड', म्हणजे पेशी फुटल्याचा, शेरा आहे का ते पाहा आणि त्याच दिवशी नमुना परत द्या. पट्टा थोडा वेळच बांधा आणि मूठ वळू नका, असं रक्त घेणाऱ्याला आधीच सांगा. मात्र 'चुकीचाच असेल' असं गृहीत धरून आठवडा घालवू नका. परतचा रिपोर्ट येईपर्यंत गोळी घेऊ नका. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही.

## गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं. किडनी आणखी खराब झाली का?

बहुतेक वेळा नाही. गाळणीच्या आतला दाब कमी होतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं आणि ईजीएफआर दोन-चार अंकांनी उतरतो. नंतर त्याची घसरण मंदावते, आणि दोन-तीन वर्षांनी गोळी घेणारा न घेणाऱ्याच्या पुढे असतो. घसरण ३० टक्क्यांहून जास्त असेल तर मात्र वेगळं काही शोधावं लागतं: अंगातलं पाणी कमी झालं आहे का, लघवी वाढवणारी गोळी जास्त होते आहे का, कुणी दुखण्यावरची गोळी चालू केली आहे का.

## एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे. दोन्ही एकत्र चालतात का?

चालतात, आणि एकमेकांना सांभाळूनही घेतात. 'ग्लिफ्लोझिन' गटाची औषधं नळ्यांच्या सुरुवातीच्या भागात साखर आणि मीठ परत शोषू देत नाहीत. त्यामुळे शेवटच्या भागाकडे जास्त मीठ-पाणी जातं, आणि त्यासोबत पोटॅशियम बाहेर पडायला वाव मिळतो. टाइप २ मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा या औषधांवर असलेल्यांत पोटॅशियम ६ किंवा वर जाण्याचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी कमी दिसलं.

जोडीचा थेट तपास २०२५ साली कॉन्फिडन्स नावाच्या अभ्यासातून पुढे आला. सुमारे ८०० रुग्णांत फिनेरेनोन एकटं, एम्पाग्लिफ्लोझिन एकटं आणि पहिल्या दिवसापासून दोन्ही, असे तीन गट केले. १८० दिवसांनी दोन्ही घेणाऱ्यांचं लघवीतलं अल्ब्युमिन सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी झालं होतं. एकट्या फिनेरेनोनच्या तुलनेत ते २९ टक्के जास्त उतरलं, एकट्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या तुलनेत ३२ टक्के. पोटॅशियम वाढण्याचं प्रमाणही जोडीत एकट्या फिनेरेनोनपेक्षा थोडं कमीच होतं.

मर्यादा दोन. या अभ्यासात मोजलं गेलं ते अल्ब्युमिन. किडनी वर्षानुवर्षं किती टिकते ते त्यातून सिद्ध होत नाही. आणि दोन्ही एकदम सुरू केल्यावर ईजीएफआरची सुरुवातीची घसरण थोडी जास्त दिसते. माझा स्वतःचा कल असा: रुग्ण धडधाकट आहे, रक्तदाब वरच्या बाजूला आहे, चार आठवड्यांनी नक्की येणार आहे, तर दोन्ही लवकर सुरू करावीत. वय जास्त, रक्तदाब आधीच ११० च्या आसपास, लघवीची गोळी चालू, अशा वेळी आधी ग्लिफ्लोझिन, महिन्याभरानं फिनेरेनोन. पोटॅशियम ४.९ च्या घरात असलेल्यांनाही आधी ग्लिफ्लोझिनच द्यावंसं मला वाटतं.

## बाकीच्या संरक्षक औषधांचं काय?

'प्रिल' किंवा 'सार्टन' हा पाया आहे, फिनेरेनोन त्याच्यावर. फिनेरेनोन बसवण्यासाठी 'सार्टन' काढू नये. पण 'प्रिल' आणि 'सार्टन' दोन्ही एकत्रही घेऊ नयेत. मधुमेही किडनीच्या रुग्णांत ते करून पाहणारा नेफ्रॉन-डी नावाचा अभ्यास पोटॅशियम वाढल्यामुळे आणि किडनीला अचानक इजा झाल्यामुळे वेळेआधी थांबवावा लागला होता. सेमाग्लूटाइडच्या इंजेक्शननंही किडनीचं नुकसान कमी होतं, हे २०२४ च्या फ्लो अभ्यासात दिसलं. पोटॅशियमच्या बाजूनं त्याची काही तक्रार नाही. मात्र त्यानं उलट्या-जुलाब झाले तर पुढचा प्रश्न नीट वाचा.

## उलट्या, जुलाब, ताप असेल तर गोळी चालू ठेवायची का?

पोटात पाणी ठरत नसेल तर फिनेरेनोन, 'सार्टन', ग्लिफ्लोझिन आणि लघवी वाढवणारी गोळी तात्पुरती थांबवून डॉक्टरांना फोन करावा. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे रक्त कमी जातं, लघवी कमी होते आणि पोटॅशियम साठतं. नीट खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस गेले की बहुतेक औषधं परत सुरू होतात. आजार दोन दिवसांहून जास्त चालला, तर सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या. इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करू नका, त्याचे नियम वेगळे आहेत.

## कोणती औषधं या गोळीबरोबर चालत नाहीत?

इथे दोन वेगळ्या तऱ्हेचे धोके आहेत, आणि ते वेगळेच ठेवलेले बरे.

पहिला धोका, औषध रक्तात साचण्याचा. फिनेरेनोन यकृतातल्या एका एन्झाइमनं मोडलं जातं. त्या एन्झाइमला जोरात दाबणारी औषधं, म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल, रिटोनाविर, यांच्यासोबत फिनेरेनोन घेऊच नये. एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, व्हेरापामिल ही तोच एन्झाइम थोडा कमी दाबतात. तिथे पोटॅशियम जास्त वेळा पाहावं लागतं. ग्रेपफ्रूट आणि त्याचा रसही टाळायचा. उलट रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी फिनेरेनोन इतकं पटकन मोडतं की गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते. क्षयरोगाचे उपचार सुरू होताना हे सांगायचं राहून जातं.

दुसरा धोका, पोटॅशियम आणखी वाढण्याचा. ट्रायमेथोप्रिम वर आलंच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, पोटॅशियमचं सिरप, अमिलोराइड, आणि ते कमी सोडियमचं मीठ.

## पोटॅशियम सतत ५.३-५.४ राहतं. गोळी सोडण्याआधी काय करता येईल?

आधी वरची यादी पुन्हा तपासा. मग रक्तातलं बायकार्बोनेट बघा. रक्त आम्लाकडे झुकलं असेल तर पोटॅशियम पेशींतून बाहेर येतं, आणि सोडिअम बायकार्बोनेटनं ते खाली येऊ शकतं. बद्धकोष्ठता आहे का विचारा. किडनी थकली की पोटॅशियमचा थोडा भार आतडी उचलतात, त्यामुळे पोट साफ होणं इथे खरंच उपयोगी पडतं. अंगावर सूज असेल तर लघवीच्या गोळीचा डोस वाढवल्यानंही मदत होते. ग्लिफ्लोझिन अजून सुरू नसेल तर ते सुरू करण्याची हीच वेळ. आहारात काय कमी करायचं ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या. सगळी फळं-भाज्या सरसकट बंद केल्या तर बद्धकोष्ठता वाढते आणि मूळ हेतूच हरतो.

इतकं करूनही जमलं नाही तर पोटॅशियम आतड्यात बांधून शौचावाटे बाहेर काढणारी पावडर मिळते: पॅटिरोमर किंवा सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट. दुसऱ्या औषधातून सोडियम शरीरात जातं, म्हणून पायांवर सूज येते का पाहावं लागतं. पॅटिरोमर इतर गोळ्यांनाही बांधू शकतं, म्हणून बाकीच्या गोळ्या आणि ते यांच्यात तीन तासांचं अंतर ठेवतात.

## गोळी घ्यायची विसरली तर? आणि ईजीएफआर २५ च्या खाली गेला तर?

त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. जेवणाआधी की नंतर, यानं फरक पडत नाही.

ईजीएफआर २५ च्या खाली असताना नव्यानं सुरू करत नाहीत. पण आधीपासून चालू असलेल्या रुग्णाचा ईजीएफआर पुढे २५ च्या खाली उतरला, तर तेवढ्यावरून गोळी काढलीच पाहिजे असं नाही. पोटॅशियम साथ देत असेल तर १० मिलिग्रॅमवर, जास्त वेळा रक्त पाहत, ती चालू ठेवता येते. १५ च्या खाली गेल्यावर मात्र थांबवतात.